साडेसहाचा टायमर

अंबूबाईंनी आयुष्यात मेंढरं कधी मोजली नाहीत. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात शिरताना त्या काठीवर हनुवटी टेकून उभ्या राहायच्या आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायच्या, "काळ्या कानाची न्हाई आली." माणूस पाठवला की काळ्या कानाची कुठल्यातरी ओघळीत अडकलेली सापडायचीच. हे मला त्यांच्या पुतण्यानं, राजवर्धननं सांगितलं, आणि मी हसलो होतो. मी एसी-फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. गेजवर काटा दाखवेल तेवढंच खरं धरायची मला सवय.

माझं दुकान तासगावात आहे. अंबूबाईंचं गाव तिथून पूर्वेला, सावळजच्या पलीकडच्या माळावर. त्यांचे मालक नानासो गेले, पोरं पुण्याला कंपनीत लागली, आणि पावसाळा सरला की मेंढरं घेऊन चार महिने मुलूख फिरायचं आता होईना, तेव्हा त्यांनी कळप विकून दोन एकर तुती लावली. त्यानंतर चॉकी सुरू केली. रेशमाचा किडा अंड्यातून निघतो तेव्हा केसाएवढा असतो. त्याला पहिले आठ दिवस ऊब, ओल आणि बारीक चिरलेला कोवळा पाला लागतो. तेवढे दिवस त्याला एका खोलीत सांभाळायचं आणि त्यानं दोनदा कात टाकली की शेतकऱ्यांच्या हवाली करायचं, ही चॉकी. इथं हयगय झाली तर तिचा परिणाम शेतकऱ्याला वीस दिवसांनी कोष हातात आल्यावर कळतो. बावीस शेतकरी अंबूबाईंकडून किडे न्यायचे. त्या बावीस जणांचं घर त्या खोलीवर चालायचं, असं म्हटलं तरी चालेल.

अंबूबाई बोलायला फटकळ, पण मन मोठं. मला कधी उपाशी परत पाठवलं नाही. भाकरी वाढताना मात्र म्हणायच्या, "खा रं आप्पासो, तुझ्या मशीनपरीस तुझं पोट तरी नीट चालतंय." कळपातला एक नियम त्यांनी चॉकीतही आणला होता. रात्री मेंढरू गेलं तर लांडगा कुठून आला हे कुणी विचारायचं नाही. राखणीला कोण होतं, एवढंच विचारायचं. जो राखणीला, त्यानं उत्तर द्यायचं. माळावर उघड्यावर राहणाऱ्या लोकांना त्याशिवाय भागलंही नसेल. पण त्या नियमापायी काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून हे सांगतोय.

चॉकीची राखण आम्रपालीकडे होती. बौद्धवस्तीतल्या राजारामदादांची ही थोरली मुलगी, तिशीतली. म्हैसूरला जाऊन तिनं चॉकीचं प्रशिक्षण घेतलेलं. अंबूबाईंच्या चुलीपर्यंत तिचा वावर. पहाटे सहाला ती यायची, दार उघडायच्या आधी जंतू आत जाऊ नयेत म्हणून पाय चुन्यात बुडवायची, थर्मामीटर बघून आकडा वहीत लिहायची आणि मगच पाल्याला हात लावायची. अंबूबाई साडेसहाला, तुतीला पाणी सोडून यायच्या. किड्यांचं जे काही कळत होतं ते आम्रपालीला कळत होतं. अंबूबाईंना माणसं आणि बाजार कळायचा. दोघींचं छान चाललं होतं.

मग तो चिनी एसी आला.

तासगावचे बेदाण्याचे व्यापारी नाथाजीशेठ. त्यांनी बेदाणा रंगानुसार निवडायचं यंत्र चीनहून मागवलं. त्याच कंटेनरमधून दोन एसी आणले, थंड आणि गरम दोन्ही करणारे. एक त्यांनी यंत्राच्या केबिनला लावला, दुसरा राजवर्धनच्या ओळखीनं अंबूबाईंना दिला. थंडीच्या दिवसांत माळावर पहाटे पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो आणि किड्याला सत्तावीस लागतात. आधी अंबूबाई खोलीत कोळशाच्या शेगड्या ठेवायच्या. बंद खोलीतला तो धूर किड्यालाही वाईट आणि माणसालाही. दोन्ही एसी बसवायला अर्थात मी.

यंत्र मी दुपारपर्यंत बसवलं. खरी कटकट ॲपची होती. रिमोटवर टायमर एकदाच लावता येत होता. रोजच्या रोज आपोआप चालू-बंद व्हायचा असेल तर मोबाइलमधल्या ॲपवरूनच. ॲप उघडलं, देश विचारला, मी भारत निवडलं. यंत्र सापडेना. दहा वेळा केलं, सापडेना. शेवटी चिडून देशाच्या जागी चीन निवडलं, आणि यंत्र लगेच सापडलं. मला वाटलं, काय हुशार आहे मी. ॲपची अर्धी अक्षरं चिनी झाली, पण त्याला माझ्याकडे इलाज होता. फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर दिसतं. ते बघून मी एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून काढलं आणि भिंतीला लावलं. बर्फाचं चित्र म्हणजे थंड. सूर्य म्हणजे गरम. पंखा म्हणजे नुसता वारा. थेंब म्हणजे कोरडं.

अंबूबाई थेंबावर बोट ठेवून म्हणाल्या, "हेच लावू की रं. किड्यास्नी वल लागती."

"मावशी, हा थेंब देत नाही, काढून घेतो. हवेतली ओल शोषून बाहेर टाकतो. हे लावलंत तर पाला पापडासारखा वाळेल."

"मग थेंबाचं चित्तर कशाला काढलंय मेल्यांनी?"

आम्रपाली हसली आणि तिनं पुठ्ठ्यावर थेंबाभोवती लाल पेनानं गोल काढून 'हात लावू नये' लिहिलं. मग तिनं विचारलं, "आप्पा, ह्यो चंद्र?"

"ते झोपेचं. माणूस झोपला की त्याला कमी ऊब पुरते, म्हणून गरम चालू असताना चंद्र दाबला तर एसी रात्रीतून हळूहळू एक-दोन अंश उतरवतो."

"किडं कुटं झोपत्यात आपल्यासारखं. मग चंद्र नगो. आन् हे ऑटो?"

"ऑटोला स्वतःचं डोकं असतं. तुम्ही सत्तावीस सांगा, तो त्याच्या मनानं चोवीस धरून बसेल. सूर्य आणि सत्तावीस, एवढंच ध्यानात ठेवा."

तिनं तेही लिहून घेतलं. मग मी टायमर लावला. रोज संध्याकाळी सात वाजता सूर्य, सत्तावीस अंश, चालू. रोज सकाळी साडेसहाला बंद. दिवसा खोली आपोआप तापते, एसीची गरज नाही. ॲप अंबूबाईंच्या फोनमध्ये टाकलं आणि आम्रपालीच्याही. दोन्ही फोनवर ठळक दिसत होतं, सात आणि साडेसहा. सातपर्यंत थांबून चालू होतो का ते बघ, असं मला कुणी म्हटलं नाही, आणि माझ्याही मनात आलं नाही. उलट चार वाजताच मी भाकरी खाऊन गाडीला किक मारली.

पहिली बॅच डिसेंबरच्या सुरुवातीला अंड्यांतून निघाली. सातव्या दिवशी अंबूबाईंचा फोन आला. आवाजात नेहमीची मस्करी नव्हती.

"आप्पासो, ये बाबा. काय तरी खोट हाय."

मी गेलो. ट्रेवरचा कागद उचलून आम्रपालीनं दाखवलं. एकाच ट्रेमध्ये काही किडे डोकं वर करून निश्चल बसलेले, म्हणजे कात टाकायला बसलेले, आणि काही अजून पाला खात फिरणारे. सगळे एका वेळी बसले पाहिजेत. पुढंमागं झाले की लहान ते लहानच राहतात, पुढं मोठ्यांच्या पायाखाली पाल्यात गाडले जातात, रोग धरतात. आम्रपालीचा चेहरा ओढलेला होता.

"रोज सा वाजता मी येती तवा मशीन बंद आस्तंय," ती म्हणाली. "खोली गार. ही वही बगा."

वहीत लिहिलेलं होतं. सकाळी सहा, वीस अंश. सकाळी सहा, एकोणीस. सकाळी सहा, वीस. सात ओळी तशाच.

अंबूबाईंनी आपला फोन माझ्यापुढं धरला. "ह्यात साडेसा हाय का न्हाई? वाच."

"साडेसहाच आहे."

"मग सा वाजता बंद कसं आसंल? सा वाजता खोलीत कोण आस्तंय?"

प्रश्न त्यांनी मला विचारला, पण बघत आम्रपालीकडे होत्या. मला तेव्हाच अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. मी रिमोटनं यंत्र चालू केलं, पाच मिनिटांत गरम वारा आला, सगळं ठीक. म्हणालो, "चुकून चंद्र दाबला गेला असेल. नाहीतर आत येताना दार जास्त वेळ उघडं राहत असेल."

तेव्हा आम्रपाली जे बोलली ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "आप्पा, तुमी मशीनची मान्सं. दार उघडल्यावर धा मिनिटांत सात अंश उतरत्यात व्हय? मी तर आल्या आल्या आकडा लिवती. खोली दोन तास तरी आदीच गार पडाय लागली आसंल. तुमीच सांगा."

तिचं खरं होतं. जाड भिंती, वर थर्माकोलचं छत. ती खोली वीसवर यायला दोन तास लागणार, हे नवशिक्या हेल्परनंही सांगितलं असतं. पण मला तासगावला दुसऱ्या कामाला जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मी लावलेल्या टायमरमध्ये चूक असेल हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "ॲपमध्ये साडेसहा आहे ना, मग साडेसहाच. मशीन काही कुणाच्या बाजूनं बोलत नाही."

आम्रपालीनं वही मिटली. अंबूबाई काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत राहिल्या.

दुसरी बॅच त्याहून वाईट झाली. थंडी वाढली होती. वहीत अठरा, सतरा असे आकडे उतरत गेले. आम्रपाली आता साडेपाचला येऊ लागली, मग पाचला. पाचलाही मशीन बंदच. ती रिमोटनं चालू करायची, साडेसहाला हातानं बंद करायची. आणि अंबूबाईंना कुणी ना कुणी जाऊन सांगायचं, की पोरगी पाच वाजताच अंधारात चॉकीत शिरते, करते काय कुणास ठाऊक. ती जितकी लवकर येऊ लागली तितका संशय वाढत गेला. अमावस्येला कुणीतरी चॉकीच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. कुणी ठेवलं ते कधी कळलं नाही, पण नाव तिचंच झालं.

वाटपाच्या दिवशी, म्हणजे किडे न्यायला शेतकरी येतात त्या सकाळी, मी तिथंच होतो. राजवर्धननं कॉम्प्रेसरचा आवाज बघायला बोलावलं होतं. पिकअप लागलेल्या, बावीस जण ट्रे उघडून बघत होते आणि एकेकाचं तोंड उतरत होतं. आष्ट्याकडचा सूरज म्हणून एक तरुण शेतकरी आहे, तो तडकला. "आत्या, मागच्या टायमाचं निम्मं कोष पोचट निगालं. आता परत हेच? आमी काय करायचं सांगा."

अंबूबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माजी चूक आसंल तर माजं नाक कापा. मशीन साडेसा पतूर चालतंय, फोनात हाय, आप्पासोनं बगितलंय. राखणीला ही हुती. हिला इचारा."

"मी न्हाई केलं," आम्रपाली म्हणाली.

"मग कुनी केलं? भुतानं?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, त्या वस्तीतलीला चुलीपर्यंत घेतल्यावर दुसरं काय होणार. अंबूबाईंनी ते ऐकलं. त्यांचे कान तिखट आहेत, पन्नास पावलांवरचं कोकरू ओरडलं तर त्यांना कळतं. त्यांनी त्या माणसाला गप्प केलं नाही. आम्रपाली दोन पळं त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग खोलीची किल्ली तिनं पाट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि गेली. मी कॉम्प्रेसरचं झाकण पिळत बसलो होतो. ते पिळायची काही गरज नव्हती.

पंधरा दिवस मी तिकडं फिरकलो नाही. जानेवारीत एका सोमवारी नाथाजीशेठचा फोन आला. शेठ फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात.

"आप्पासो, गेल्या आठवड्यात यंत्र चालू केलं तवापास्नं तुजा एसी रोज दुपारी साडेतीनला मरतोय! सा वाजता बंद व्हायचा लावलाय न्हवं? यंत्राचा कॅमेरा तापून बंद पडतोय, बायका हातानं बेदाणा निवडत बसल्यात!"

मी गेलो. ॲपमध्ये ठळक दिसत होतं, सायंकाळी सहा. यंत्र साडेतीनला बंद झालेलं. अडीच तास आधी. केबिनमध्ये शेठनं चीनच्या कंपनीशी बोलायला सोपं जावं म्हणून मोबाइलवर दोन घड्याळं लावली होती, एक आपलं, एक तिकडचं. ती दाखवत ते म्हणाले, "आत्ता त्यांच्याकडं सा वाजून गेलं, हापीस बंद झालं, नायतर तुलाच बोलायला लावलं आस्तं."

मी दोन्ही घड्याळांकडे बघत राहिलो. आपल्याकडे पावणेचार, तिकडं सव्वासहा. इथंही मी देश म्हणून चीनच निवडला होता. यंत्र चीनच्या घड्याळानं चालत होतं. फोनात आपण लिहिलेला आकडा तसाच दिसायचा, पण यंत्र तो आकडा तिकडचा समजायचं.

साडेसहातून अडीच तास वजा. चार. पहाटे चार वाजता, माळावरची सगळ्यात कडाक्याची वेळ सुरू होते तेव्हा, खोली गार पडायला लागत होती. आणि संध्याकाळी सातच्या जागी साडेचारला चालू होत होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण साडेचारला खोली उन्हानं आधीच तापलेली. सत्तावीसच्या वर असल्यावर यंत्र नुसतं दिवा लावून गप्प बसतं. मी शेठच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलो.

शेठचा टायमर मी तिथंच साडेआठचा करून दिला, म्हणजे आपल्याकडचे सहा. अंबूबाईंना मात्र लगेच फोन केला नाही. मंगळवार गेला. मी स्वतःला सांगत होतो, हे फोनवर सांगायची गोष्ट नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. बुधवारी दुपारी गेलो.

चॉकीतले किडे बघून थक्कच झालो. दुसरी कात टाकून सगळे एकसाथ उठलेले, ट्रेवर जणू एकच करडी चादर. अंबूबाई दारातच खाटेवर बसल्या होत्या. डोळे खोल गेलेले.

"मावशी, तो टायमर चीनच्या वेळेवर चालतो. पहाटे चारला बंद होत होता. माझी चूक. आम्रपालीनं काही केलं नव्हतं."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठावं हाय."

"काय?"

"ती गेल्यावर म्होरली बॅच आली तवा मी हितंच आतरून टाकलं. म्हनलं, बगू कोन येतंय. पयल्याच रात्री चार वाजता माज्या डोळ्यांदेखत मशीन गप झालं. खोलीत मी आन् किडं. दुसरं कुनी न्हाई. तवापास्नं रोज चारला उठून रिमोट दाबती."

"मग तिला बोलावलं का नाही?"

"कंच्या तोंडानं?"

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आष्ट्याला एक नवी चॉकी निघते आहे. त्या मालकानं आम्रपालीला कामाला घ्यायचं म्हणून सूरजकडे चौकशी केली होती. सूरजनं ऐकलेलं सांगितलं. मालकानं नाही म्हणून कळवलं. "शुक्रवारी तो दुसरी बाई ठेवनार हाय," अंबूबाई म्हणाल्या. बुधवार होता. मी म्हणालो, "चला, आत्ताच जाऊ तिच्याकडे."

मला वाटलं नव्हतं, पण त्या उठल्या. पदर नीट केला आणि बौद्धवस्तीपर्यंत माझ्या पुढं चालत गेल्या. राजारामदादांनी खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं. आम्रपाली आत होती, बाहेर आली आणि उभीच राहिली. अंबूबाई म्हणाल्या, "चुकलं माजं. मशीनच वाकडं चालत हुतं."

आम्रपाली रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "हे हितं सांगून काय करू मी, आत्या? तुमी बोलला त्या बावीस जनांम्होरं. उद्या वाटप हाय. त्येच बावीस येनार हायत, सूरजबी येनार हाय. त्यास्नी सांगा. मी फाटकाशी येऊन हुबी ऱ्हाती. मला दुसरं कायबी नगो."

"सांगती," अंबूबाई म्हणाल्या. परत येताना त्यांनी वाटेत दोनदा तेच म्हटलं. "सांगती की. त्यात काय. सांगती." त्या दिवशी मी टायमर बदलून दिला. रात्री साडेनऊला चालू, सकाळी नऊला बंद, म्हणजे आपले सात आणि साडेसहा. पुठ्ठ्यावर खाली तसं लिहिलं.

गुरुवारी सकाळी पिकअप लागल्या. फाटकाच्या बाहेर कडुलिंबाखाली आम्रपाली स्कूटी उभी करून थांबली होती. अंगात स्वेटर, हात बांधलेले. मी एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ उभा होतो, तिथून दोघी दिसत होत्या. शेतकरी ट्रेवरचे कागद उचलत होते आणि खूश होत होते.

"आत्या, ह्याला म्हंत्यात चॉकी!" सूरज मोठ्यानं म्हणाला. "बगा रं, एकूणएक किडा सारका. खरी घाण काडली की आत्यानं."

चार-पाच जण हसले. अंबूबाईंनी फाटकाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मनातल्या मनात मी म्हातारीला जोर लावत होतो, बोला, बोला.

"त्या मशीनच्या टायमरात घोळ हुता," त्या म्हणाल्या. "आप्पासोनं नीट केलाय आता."

सूरजनं माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे बघितलं. त्याच्या तोंडावर उजेड पडल्यासारखं झालं. "आसं व्हय! म्हंजे त्या बयेनं टायमरच फिरवून ठेवला हुता! आमी म्हंतोय दार उघडं टाकती."

पुन्हा हसणं. अंबूबाईंच्या हातात एका शेतकऱ्याचा ट्रे होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, वरही दिला नाही. त्या फक्त उभ्या होत्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, निदान मी तरी बघत होतो. आता एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं एक वाक्य मलाही बोलता येत होतं. तो टायमर माझ्या हातानं लावलेला होता, देश माझ्या बोटानं निवडलेला होता, आणि मशीन कुणाच्या बाजूनं बोलत नाही हेही मीच म्हटलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर त्या बावीस जणांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, कारण मी मिस्त्री होतो. पण त्यातल्या नऊ जणांच्या घरचे फ्रिज माझ्याकडे येतात. माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

"फुडचा ट्रे घ्या," अंबूबाई म्हणाल्या.

लिंबाखाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही.

अंबूबाईंची चॉकी चांगली चालली आहे. टायमर बरोबर चालतो, तरी त्या अजून रोज चारला उठतात, असं राजवर्धन सांगतो. झोप येत नाही म्हणे. माझ्याशी आता त्या नीट बोलतात, पण भाकरीला थांब म्हणत नाहीत. आष्ट्याच्या चॉकीत शुक्रवारी दुसरी बाई लागली. आम्रपाली द्राक्षबागेत विरळणीच्या टोळीत जाते. परवा मणेराजुरीच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी दिसली. तिनं मला ओळखलं, आणि मी गाडीचा वेग वाढवला. त्या बावीस जणांपैकी एकालाही मी अजून काही सांगितलेलं नाही.